दादूंचा प्लॅटिनम

दादू मालगुंडचे. रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात तेवीस वर्षं हायड्रोजनचा रिॲक्टर चालवतात. काळी कॅटलिस्ट पावडर ओली ठेवूनच हाताळायची, सुकली तर पेट घेते, हे मला त्यांनीच शिकवलं. तरी त्यांना चोर ठरवायला मला एक दुपार पुरली. मी नीरजा, लॅबची प्रमुख. स्वभावानेच शंकेखोर, काय करू?

झालं असं, की गिऱ्हाइकाने माल परत पाठवला. त्याला दोन्ही मिथाइल गट रेणूच्या कड्याच्या एकाच अंगाला असलेला सिस माल हवा होता, आणि आमच्यात निम्मा ट्रान्स, म्हणजे गट विरुद्ध अंगांना असलेला, निघाला. खरं तर प्लॅटिनमच्या कॅटलिस्टवर कच्च्या मालातला दुहेरी बंध टेकला की दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूने चढतात, म्हणून माल बहुतेक सिसच येतो. पॅलेडियमवर मात्र बंध आधी कड्यात सरकतो आणि ट्रान्स वाढतो. दोन्ही पावडरी दिसायला सारख्याच. मला वाटलं, दादूंनी महागडा प्लॅटिनम लांबवला आणि पॅलेडियम टाकला. साहेबांना मी तसं सांगूनही टाकलं. दादूंची नोकरी टांगणीला लागली.

दादू एवढंच म्हणाले, "मॅडम, या खेपेला थंड करायला पाणी नेहमीपेक्षा जास्त सोडावं लागलं. रिॲक्टर तापत होता."

मला ती थाप वाटली. हायड्रोजन तर नेहमीइतकाच खपला होता, मग जास्तीची उष्णता येणार कुठून! पण रात्रभर डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सीलबंद डब्यातला प्लॅटिनम स्वतः काढला. कच्च्या मालाच्या जुन्या ड्रमचा राखीव नमुना आणि या खेपेच्या नव्या ड्रमचा, दोन्ही एकाच उष्णतामापीत चालवले. लॅबमधली दीपाली आकडे टिपत होती, मी तिच्याही आकड्यांवर डोळा ठेवून होते.

नव्या नमुन्याने जास्त उष्णता सोडली. ट्रान्स माल जरा जास्त स्थिर असतो, तेवढा फरक वजा करूनही जास्तच. म्हणजे नव्या ड्रममध्येच वेगळं, कमी स्थिर अल्कीन (दुहेरी बंधाचं संयुग) होतं: रेणूसूत्र तेच, पण दुहेरी बंध कड्याबाहेर. त्यात एक मिथाइल आधीच बसलेला. हायड्रोजन त्याच्या बाजूने किंवा उलट बाजूने, कुठूनही चढतो. म्हणून ताज्या प्लॅटिनमवरही ट्रान्स आलाच.

तो ड्रम आला तेव्हा पुरवठादाराचा कागद पाहूनच पास केला होता. तपासणी न करता. सही माझी.

मी साहेबांकडे जाऊन सगळं कबूल केलं. मग दादूंकडे गेले आणि माफी मागितली. लाज वाटली हो, खूप. ते "ठीक आहे" म्हणाले आणि वजनकाट्याकडे वळले.

आता दादू कॅटलिस्ट एकटे कधी मोजत नाहीत. प्रत्येक बॅचला मला खाली बोलावतात, डबा माझ्यासमोर उघडतात आणि वही पुढे करतात.

"सही करा, मॅडम. तुम्ही बघितलंत म्हणून."