तीन कॅमेरे आणि आई

आईच्या तेराव्याला ठेवायला फोटो हवा होता. बोईसरच्या स्टुडिओवाल्याने माझ्या मोबाइलमधले फोटो पाहून नकारार्थी मान हलवली. सालवडची आमची खोली एवढीशी, म्हणून घरातले फोटो मी मोबाइलच्या ०.५ कॅमेऱ्यावरच काढायचो. त्यात सगळे मावायचे, पण आई कायम कडेला उभी, आणि वाइड लेन्स कडेचे चेहरे ताणते. १x वर चेहरे सरळ यायचे, पण जागा पुरायची नाही. मग "तुमी बसा, मी नाय मावत," म्हणत आईच बाजूला व्हायची. चुलीत घाला ते तीन कॅमेरे! रडकुंडीला येऊन मी पुन्हा सगळे फोटो चाळले. गच्चीवरून ३x झूमने काढलेला एक सापडला. त्यात आई एकटी, मधोमध, अगदी स्पष्ट होती. पाठमोरी, बाजाराकडे निघालेली.