अक्का उठल्या नाहीत

मे महिन्याची चौदा तारीख. टँकर आला होता आणि मी पाइप पिंपात धरून उभी होते. तेवढ्यात पुतण्याचा फोन आला, अक्का गेल्या. पाइप सोडून बसले असते तर शेजारणीने तो आपल्या पिंपात घातला असता आणि दहाव्या-तेराव्याला आलेल्यांना पाणी कुठून पाजलं असतं? पिंप भरलं, झाकण लावलं, मग रडले.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माझी भाची रेवती वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम बघते. ती म्हणाली, “मावशी, अक्कांवर तूच लिही.” मी एका बैठकीत लिहून पाठवलं. तिचा फोन आला, “मावशी, यात अक्का काहीच करत नाहीत गं!”

“नव्हत्याच करत. मी काय करू?”

खरंच होतं ते. बघायला आले होते त्यांच्या बहिणीला. चहा अक्कांनी आणला, पाहुण्यांनी त्यांनाच पसंत केलं, आणि त्या नाही म्हणाल्या नाहीत. एका दुष्काळात अर्धं गाव ऊसतोडीला गेलं. अक्का राहिल्या, कारण ट्रकमध्ये चढा असं त्यांना कुणी म्हटलंच नाही. पुढे आमच्या लिंबागणेशकडच्या गावात दूध संस्थेचा अध्यक्ष ठरवताना दोन गटांचं कुणावरच एकमत होईना. अक्कांवर झालं. त्यांनी आजवर कुणाचंच काही केलेलं नव्हतं...

दुसऱ्यांदा लिहिताना मी त्यांना जरा कामाला लावलं. भर सभेत त्या ताडकन उभ्या राहतात आणि भाषण करतात, असं लिहिलं. घरात वाचून दाखवलं तर थोरले दीर इतके हसले की ठसका लागला. “ही बाई कोन हाय? आमच्या घरात तर न्हवती.” अक्का त्यांचीच बायको, त्यांना माहीत असणार. ते पान मी चुलीत घातलं. मग कळलं, माझी चूक कुठे होती. मी सारखी अक्कांकडेच बघत होते. बघायला हवं होतं त्यांच्याभोवती धावणाऱ्यांकडे. कोण त्यांच्याकडून काय मागतंय आणि त्या ते देत नाहीत तोवर काय काय पणाला लागतंय, ते.

ती सभा खरी झालेली, पुढच्या एका दुष्काळातली. दूध थंड ठेवायचं यंत्र मांजरसुंब्याला हलवायचा ठराव होता. तिथे हमरस्ता आहे, भाऊसाहेबांचा ढाबाही आहे. भाऊसाहेब म्हणजे संस्थेचे उपाध्यक्ष, नात्याने अक्कांचे चुलतदीर. हात वर करणारे त्यांनी आधीच मोजून आणले होते. फक्त अध्यक्षांनी ‘ठराव मताला टाकते’ म्हणायचं बाकी होतं. अध्यक्ष हजर असताना ते दुसऱ्याला म्हणता येत नाही.

अक्का आपल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पदराचं टोक अंगठ्याने गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

“वहिनी, म्हना की. तीन शब्द तर हायेत.”

गुंडाळलं. सोडलं.

मागून सखूबाई ओरडली, “माझी एकच म्हैस. आता दोन लिटर दुधासाठी मी मांजरसुंब्याला चालत जाऊ व्हय?”

अंगठा थांबला. मी शेजारीच होते, मी पाहिलं. मग परत गुंडाळायला लागला.

भाऊसाहेबांनी समजावलं, चहा मागवला, आवाज चढवला. “कावून गप बसल्यात? हो म्हना न्हाईतर न्हाई म्हना!” अक्कांनी चहा घेतला. ‘नाही’ म्हणाल्या असत्या तर भाऊसाहेबांनी भांडून ते मोडून काढलं असतं. गप्प बसणाऱ्याशी भांडायचं कसं? अक्का उठून गेल्या असत्या तरी चाललं असतं, उपाध्यक्षच खुर्चीवर बसले असते. पण अक्का उठल्याच नाहीत. ऊन कललं. चारा छावणीतल्या म्हशी हंबरायला लागल्या. धार काढायची वेळ झाली तशी भाऊसाहेबांचीच माणसं एकेक करून सटकली. म्हशीला सभेचं काय सांगणार? गणपूर्ती उरली नाही, सभा तहकूब झाली. पुढची सभा भरेपर्यंत मांजरसुंब्याने दुसऱ्या गावचं यंत्र नेलं होतं. आमचं यंत्र जागेवर राहिलं. सखूबाईची म्हैसही राहिली.

घरी येताना मी विचारलं, “अक्का, मुद्दाम केलं ना?”

“चहात साखर लई होती,” त्या म्हणाल्या.

हे सगळं लिहून पाठवलं. रेवती म्हणाली, “आता छान झालं. वाचताना मी त्या अंगठ्याकडेच बघत होते. फक्त शेवटी त्यांच्या मनात काय होतं ते घाल.” मी म्हटलं, घालणार नाही. ते कळलं की अंगठ्याकडे कोण बघेल? आणि मला तरी कुठे माहीत आहे...

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला डेअरीत गेले. अक्कांची लाल प्लास्टिकची खुर्ची यंत्राच्या दारातच होती. सगळे कॅन घेऊन तिला वळसा घालत होते. भाऊसाहेब म्हणाले, “वहिनी, ही आडवी येती. हलवायची का?”

मी गप्प राहायचं ठरवलं. त्यांनी परत विचारलं. कॅन खाली ठेवून मी खुर्चीवर बसले आणि पदराचं टोक हातात घेतलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र मला राहवलं नाही.

“राहू द्या,” मी म्हणाले.

अक्का तेवढंही म्हणाल्या नसत्या.