तिसऱ्या हाकेचा ओ

आमच्या पॉडकास्टची सुरुवात ठरलेली होती. निवेदक पाहुण्याला घरच्या नावानं एक हाक मारायचा. पाहुणा म्हणायचा, "ओ." मग मी लिहिलेली चार वाक्यं, आणि शेवटी निवेदकाचं "या, बसा." हाक, ओ आणि "या, बसा" हे कधीही हलायचं नाही. हलायची ती मधली चार वाक्यं, आणि ती हलवण्याचेच मला पैसे मिळायचे.

हे वाटतं तितकं सोपं नाही. परिचय म्हणून पाहुण्याच्या पदव्या वाचून दाखवल्या की ऐकणारा सरळ पुढे ढकलतो. मग मी कधी परिचय लग्नपत्रिकेसारखा लिहायचे, कधी हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीसारखा. एकदा तर औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसारखा लिहिला होता. रूप काहीही असो, पाहुण्याचं नाव शेवटच्या वाक्यात, आणि ते वाक्य असं संपवायचं की "या, बसा" त्याला आपसूक चिकटलं पाहिजे. पूर्ण गप्पा ऐकल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नसे. त्यामुळे परिचय नेहमी मागाहून रेकॉर्ड व्हायचा. हाक आणि ओ तेवढे पाहुणा समोर असताना, अगदी आधी.

रेकॉर्डिंग मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात चालायचं. भिंतींना फोम, दाराला गादी. शेजारी लेथ मशीन होतं, म्हणून आमचं काम शेजारच्यांच्या जेवणाच्या सुट्टीत. आम्ही तिघंच. निवेदक माझा कॉलेजातला मित्र, आवाज गोड आणि हट्ट गाढवाचा. एक एडिटर, जो कानातले हेडफोन काढून बोलल्याचं मला आठवत नाही. आणि मी.

एका दुपारी भांडुपहून एक आजोबा आले. मूळचे मालवणकडचे. एका मोठ्या रुग्णालयात लाउडस्पीकरवरून पेशंटच्या नातेवाइकांना बोलावण्याचं काम त्यांनी उभा जन्म केलं होतं. गळ्याला मफलर. बरोबर बायको होती, तिची नजर जवळजवळ गेलेली. ती त्यांच्या बाहीला धरून आत आली आणि बसायच्या आधीच आम्हाला सगळं सांगून मोकळी झाली. घशाचा कॅन्सर. पुढच्या आठवड्यात स्वरयंत्र काढणार. घरात ती हाक मारते, ते ओ देतात, त्यावरून तिला कळतं माणूस कुठे आहे ते. तो ओ तिला जपून ठेवायचा होता. बाकी गप्पांचं तिला काही पडलेलं नव्हतं.

निवेदकानं पाण्याचा ग्लास पुढे केला, माइक सरळ केला आणि हाक मारली.

आजोबा गप्प.

त्यानं पुन्हा मारली. आजोबा त्याच्याकडे बघत होते, डोळे उघडे, ओठ मिटलेले. गाळ्यात इतकी शांतता झाली की हेडफोनमध्ये मला त्यांचा श्वास ऐकू यायला लागला. तिसऱ्या हाकेला ते म्हणाले, "ओ."

"काका, ऐकू नाही आलं का?" निवेदकानं विचारलं.

"आयकाक इला. तिसऱ्या हाकेकच ओ देवचो. पयल्या दोन हाका कोणाच्या आसतत, ता सांगूक येना नाय."

मागे बसलेल्या बायकोनं मान हलवली, जणू ही दूध उतू जाण्याइतकी साधी गोष्ट होती. माझ्या आजोळीही तिन्हीसांजेनंतरचा हा नियम होता: भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक माणसाचीच. पण भर दुपारी, फोम लावलेल्या गाळ्यात तो पाळणारं कोणी मी पाहिलं नव्हतं.

त्यांच्यासाठी मी परिचय रुग्णालयातल्या घोषणेच्या रूपात लिहिला: "लक्ष द्या. ज्यांचं कोणी आत आहे, त्यांनी आहात तिथेच थांबा. इतकी वर्षं तुमच्या माणसाचं नाव ज्यांच्या तोंडून ऐकलंत, आज त्यांचं नाव आम्ही घेतोय." मग नाव. मग "या, बसा."

मला तिन्ही हाका ठेवायच्या होत्या. निवेदक ऐकेना.

"अगं, एक हाक ही आपली ओळख आहे. ती तोडली तर आपला शो राहिला कुठे?"

"ओळख हाकेत आहे रे, आकड्यात नाही. मधलं सगळं मी दर वेळी बदलते, तेव्हा शो राहतो ना?"

"तिथे तू काय हवं ते कर. इथे नको. सुरुवातीलाच अशी शांतता? लोकांना वाटेल फोन बिघडला."

मी चिडूनच हो म्हटलं. एकच हाक ठेवायचं ठरलं.

भाग आला तेव्हा आजोबांचं ऑपरेशन झालेलं होतं. सकाळीच त्यांच्या बायकोचा फोन आला. आवाज शांत होता, तेच वाईट होतं.

"हाक ह्येंका मारलास. ओ कोणी दिल्यान?"

मला कळेना. ती म्हणाली, सुनेनं ओट्यावर फोन ठेवून भाग लावला. हाक आली, ओ आला, आणि ती उठून आवाजाच्या दिशेनं चार पावलं गेलीसुद्धा. "मगे समाजला, ह्यो ह्येंचो नाय. माझ्या घरात दुसरोच कोणतरी ओ देता."

आम्ही तिघांनी धावत जाऊन फाइल उघडली. एडिटर प्रत्येक नवा भाग जुन्याची नक्कल काढून त्यावर रचायचा, म्हणजे संगीत, अंतरं सगळं जागच्या जागी मिळतं. जुने आवाज पुसायचे आणि नवे बसवायचे. इतर पाहुणे पहिल्याच हाकेला ओ देत, म्हणून ओची जागा पहिल्या हाकेच्या लगेच पुढे. आजोबांनी तिथे काही म्हटलंच नव्हतं. पण तिथे ओ होता, पुसायचा राहून गेलेला. एडिटरला वाटलं, हाच तो. पुढच्या दोन हाका आणि खरा ओ त्यानं कापून टाकला. जो राहिला तो आदल्या भागातल्या, बोरीवलीच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा होता.

आम्ही तो भाग बाहेर जाण्याआधी किती वेळा ऐकला होता! माझ्या घोषणेचं कौतुकही केलं होतं. एकालाही कळलं नाही की आपण बोलावलं एकाला आणि आला भलताच.

नशिबानं मूळ रेकॉर्डिंग पुसलेलं नव्हतं. निवेदक स्वतःच म्हणाला, "तिन्ही हाका ठेव." मी घोषणा काढून टाकली, फक्त नावाचं वाक्य ठेवलं. हाक. शांतता. हाक. शांतता. हाक, "ओ." नाव. "या, बसा." आमच्या शोची इतकी आमची वाटणारी सुरुवात मी त्याआधी कधी लिहिली नव्हती, आणि तिच्यात माझे शब्द जेमतेम होते. नुसता ओ वेगळा काढून तिच्या सुनेच्या फोनवर पाठवला.

आजोबा त्यानंतर फार जगले नाहीत. मी भांडुपला भेटायला गेले. चहा झाल्यावर सून संकोचत म्हणाली, सासूबाई अजून हाका मारतात. तिसऱ्या हाकेला ती फोनवरचा ओ लावते, मग त्या जेवतात.

मी म्हातारीजवळ बसले. पहिल्याच हाकेला लावला तर चालणार नाही का, विचारलं. उगाच वाट बघायला नको.

तिनं माझा हात शोधून धरला.

"तिसरीक तुमचो ओ येता, ता माका म्हायत आसा गो," ती म्हणाली. "पयल्या दोन हाकांका ह्येंचो येता काय, ता बघतंय."