दौंडचे चार खांब

शिरूरच्या ऑफिसात पशुखाद्याच्या विक्रीचे आकडे जमवून त्यांचे चार्ट काढायचं काम माझ्याकडं होतं. शिरूर, तळेगाव, यवत आणि दौंड असे आमचे चार विभाग. दौंडचा डेपो त्याच वर्षी एप्रिलात उघडलेला. तो सांभाळणारे आप्पा माझ्या वडलांच्या वयाचे. त्यांची बायको पक्षाघातानं दौंडातच अंथरुणाला खिळली होती, म्हणून त्यांनी ही जागा हट्टानं मागून घेतली होती. मार्चअखेरीला मालकांनी ठरवलं, सगळ्यात लंगडा डेपो बंद करायचा आणि तिथल्या माणसाला मराठवाड्यात धाडायचं.

मी कॉलम चार्ट काढला. प्रत्येक विभागाचे चार तिमाहींचे चार खांब शेजारी शेजारी, सगळे एकाच तळावर उभे. पावसाळ्यात हिरवा चारा मुबलक, त्यामुळं त्या तिमाहीत बाकीच्यांचे खांब खचलेले. दौंडचे मात्र पायऱ्यांसारखे चढत गेलेले. शेवटचा तर तळेगावच्या शेवटच्या खांबाहून उंच! बघून माझा जीव भांड्यात पडला.

मालकांनी तोंड वाकडं केलं. "ही कसली काटक्यांची मोळी? गोल चार्ट काढा, पोळीच्या फोडींसारखा. कुणाचा वाटा किती, ते दिसाया पायजे."

या माणसाला शेतापासून डेपोपर्यंत सगळीकडं वाटणीच दिसते.

"साहेब, गोलात वर्षाची बेरीज दिसती. कोण वाढलं, कोण पडलं, ते न्हाई दिसत. दौंड शून्यातनं उभं राहिलंय."

"वाटा म्हंजी वाटा, ताई."

मीटिंगला टीव्हीवर गोलच लागला. त्यात दौंड लिंबाच्या फोडीएवढं. मी उठून माझा चार्ट लावला, तर मालक म्हणाले, "ठरलं ते ठरलं. दौंड बंद." बाकीचे चहाच्या कपात बघत बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निघताना आप्पा एवढंच म्हणाले, "तुमच्या त्या खांबांचा एक कागद द्या मला. हिला दावतो."

ते जाण्याआधी मी दौंडला त्यांच्या घरी गेले. कागद पलंगासमोर भिंतीला चिकटवलेला. पलंगावरच्या काकूंना आता एखाददुसराच शब्द फुटायचा. आप्पांनी त्यांचा हात उचलून बोट दौंडच्या पहिल्या खांबावर टेकवलं आणि हळूहळू वर नेलं. "ह्यो उन्हाळा. ह्यो पावसाळा. ह्यो दिवाळीचा. आन् ह्यो बघ, आत्ताचा."

त्या हसल्या. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच, आप्पा म्हणाले. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

मग काकूंनी स्वतःच बोट कागदाच्या कोऱ्या कडेकडं सरकवलं.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

आप्पांनी अजून त्यांना बदलीचं सांगितलंच नव्हतं.