अनिसाबाजींचं बयान

अंबाजोगाईतल्या एका मुलींच्या वसतिगृहात दरसाल जुलैत नव्या मुलींसाठी एक बयान, म्हणजे धार्मिक उपदेशाचं भाषण, ठेवतात. घर सोडून आलेल्या पोरींना चार शब्द धीराचे, अभ्यासाचे आणि दीनाचे, म्हणजे धर्माचे, सांगावेत, एवढाच हेतू. त्या साली बोलायला अनिसाबाजींना बोलावलं; बाजी म्हणजे थोरली बहीण, सगळे त्यांना तसंच म्हणत.

बाजी सिरसाळ्याच्या. वडील मोटारमेकॅनिक. बाजी शिकायला अंबाजोगाईत आल्या, खोलीवर राहिल्या, उर्दू शाळेत मास्तरीण झाल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. पहिल्या वर्षी खोलीवर आपण किती रडलो ते त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. म्हणून हे बोलावणं आल्यावर त्यांना मनापासून आनंद झाला.

वसतिगृह एका संस्थेचं. बहुतेक मुली मुस्लिम घरातल्या, फळविक्यांच्या, कारागिरांच्या. कॉलेज जवळ पडतं म्हणून हिंदू शेतकऱ्यांच्याही दोनचार. संस्थेचे अध्यक्ष मुजाहिदसाहेब, सगळे त्यांना हाजीसाहेब म्हणत. ते दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते.

बाजींनी माईक बाजूला ठेवला आणि मुलींच्या समोर सतरंजीवरच बसल्या.

"घरची सय सगळ्यात जास्त कधी येते?" त्यांनी विचारलं.

शिवकन्या नावाची शेतकऱ्याची मुलगी म्हणाली, "दिवस मावळताना. आमच्याकडं तवा गुरं घरी येत्यात."

"बरोबर. त्या वेळी खाटेवर मोबाईल घेऊन पडायचं न्हाई. उठायचं, खाली यायचं, कुणाबरोबर तरी जेवायचं. मोबाईलमधी दुसऱ्यांची घरं दिसतात आणि आपलं जास्तच आठवतं. घरी फोन करा, पण वेळ ठरवून. नुसतं रडायला केला तर अम्मीला झोप लागत न्हाई. आज काय जेवले, कोण काय बोललं, असलं साधं सांगा. आणि बरेच दिवस झोप न्हाई, भूक न्हाई, जगणंच नको वाटतं, असं झालं तर ते ईमान, अल्लाहवरची श्रद्धा, कमी पडणं न्हवे, दुखणं हाय. सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात. मी बरोबर येईन. कुणा एकाला तरी सांगा."

अभ्यासाचं त्यांनी असंच सोपं करून सांगितलं. तेच पान पुन्हापुन्हा वाचलं की येतं असं वाटतं, पण ती नुसती ओळख असते. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. जे सुटलं तेवढंच परत बघा. दुसऱ्या दिवशी एकदा, मग आठवड्यानं एकदा. अवघड धडा सकाळी, डोकं ताजं असताना. आणि मैत्रिणीला समजावून सांगता आलं तरच आपल्याला आलं म्हणायचं.

मग त्या दीनाकडं वळल्या. "घरी अब्बा उठवायचे, अजान कानावर यायची. इथं कुणी उठवत न्हाई. एक नमाज सुटते, मग लाज वाटते, लाजेनं दुसरी सुटते. सुटली तर मागाहून कजा पढून भरून काढा, पण दार बंद करू नका. थोडं असू द्या, पण रोजचं असू द्या. अल्लाहला तेच आवडतं. महिन्याच्या दिवसांत नमाज माफ असते, तवा नुसती दुआ करा. शिवकन्या, तुझ्या घरी सांजेला दिवा लावत असतील. इथं हात जोडून घे, तुझंही घर त्यात हाय."

शेवटी त्यांनी प्रश्न विचारायला सांगितलं. मागून एक मुलगी उठली. नाव गौसिया, नांदूरघाटची, वडील केळीचा गाडा लावायचे. रक्त तपासणीचा कोर्स करायला आली होती.

"बाजी, मी नमाजला उभी राहते पण मन लागत न्हाई. सगळं घरच डोळ्यांपुढं येतं. कधी कधी उठतच न्हाई. असली नमाज कबूल होते का?" आणि तिला रडू फुटलं.

बाजींनी तिला जवळ बसवलं. "तू उभी राहतेस ना? जे मनात येतं तेच सजद्यात कपाळ टेकून त्याला सांग. घर आठवतं म्हण. त्याच्यापासून काय लपवायचं हाय?"

पोरगी रडता रडता हसली. आजूबाजूच्या दोघीतिघींनीही डोळे पुसले. बाजींना वाटलं, आपलं येणं कामी आलं.

तेवढ्यात हाजीसाहेब उभे राहिले. त्यांनी बाजींना शाल दिली आणि माईक हातात घेतला.

"बाजींनी आपले डोळे उघडले. मोबाईलमुळं पोरी बिघडतात, नमाजा सुटतात, हे त्यांनीच सांगितलं. म्हणून उद्यापासून मगरिबला, दिवस मावळला की, मोबाईल ऑफिसात जमा होतील. पाची वक्त नमाजची हजेरी घेतली जाईल. जी गैरहजर राहील तिच्या घरी फोन जाईल."

भर सभेत हाजीसाहेबांना खोटं कसं पाडायचं? नंतर समजावून सांगू, असा विचार करून बाजी शाल पांघरून बसून राहिल्या. मुली त्यांच्याकडं बघत होत्या. थोड्या वेळापूर्वीची नजर आता राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या हाजीसाहेबांकडं गेल्या.

"मी असं न्हाई बोलले, साहेब. मी पोरींना घरच्यांशी बोला म्हटलं, तर तुमी फोनच काढून घेतलात. आणि हजेरीत पोरींनी काय सांगायचं? महिन्याच्या दिवसांत नमाज नसते. ते साऱ्यांसमोर ओरडून सांगायचं का?"

"रेक्टरबाई हायत की विचारायला. बाजी, तुमी तर बोलून घरी जाता. उद्या काही झालं तर लोक मला धरतील."

"नमाज कबूल होण्याचा हिशोब तुमच्याकडं कुणी दिला?"

हाजीसाहेबांना राग आला. बाहेर पडताना बाजींना रेक्टरबाईंकडून कळलं, की गौसियाच्या घरी फोन आदल्या रात्रीच गेला होता. पोरीचं मन लागत नाही, नमाज सोडते, सगळ्यांसमोर रडते, असं सांगितलं होतं. बाप बिचारा सकाळीच गाडा दुसऱ्यावर सोपवून आला आणि तिला घेऊन गेला.

बाजींनी नांदूरघाट गाठलं. गौसियाचे वडील चाँदभाई अदबीनं वागले. बसायला खुर्ची दिली, चहा दिला.

"पोरगी हुशार हाय, चाँदभाई. घर आठवनं हा काय गुन्हा न्हाई. परत पाठवा."

"बाजी, हाजीसाहेबांसारखा मानूस फोन करतो म्हंजे काहीतरी असेलच ना? लोक विचारायलेत, पोरगी काहून परत आली म्हनून. मी काय सांगू?"

गौसिया आतून पाणी घेऊन आली. बाजींनी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवून घेतला.

"बाजी, कुणा एकाला तरी सांगा, असं तुमीच म्हनला होतात," ती म्हणाली. "मी सांगितलं."

एवढं बोलून ती आत गेली. बाजींनी चहा तसाच ठेवला आणि निघाल्या. हिवाळ्यात गौसियाचं लग्न ठरल्याचं त्यांच्या कानावर आलं. मुलगा गॅरेजवाला होता, चांगला होता म्हणे.

बाजींनी संस्थेला लिहून कळवलं, की ते नियम आपल्या नावावर खपवू नका. उत्तर आलं नाही. वसतिगृहात नियम चालूच राहिले आणि मुली ते 'बाजीचे नियम' म्हणूनच ओळखत. बाजारात एखादी समोर आली तर रस्ता बदलायची.

पुढच्या जुलैत बयानाला दुसरे कुणी पाहुणे आले. ते बाजींना शिवकन्येनं सांगितलं. ती एकटीच अजून बाजींच्या घरी यायची. तिच्यावर नमाजची हजेरी नव्हती, म्हणून कदाचित तिला बाजींचा राग आला नसावा.

"कसं झालं बयान?" बाजींनी विचारलं.

"लई वेळ बोलले ते. शेवटी म्हनले, कुणाला काही अडचण असंल तर विचारा."

"मग?"

"कुनीच हात वर केला न्हाई, बाजी. पाहुणे लई खूष झाले. म्हनले, पोरी समाधानी हायत."