अक्काची बिनदुधाची पावडर

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नातेवाइकांत अक्काचा विषय निघाला की मी पेपर उघडायचो, नाहीतर उठून पाणी प्यायला जायचो. बायकोलाही सांगितली नाही, कारण या प्रकरणात तीही माझ्यामुळे चुकली होती. आता मात्र लिहून टाकतो. वयाच्या या टप्प्यावर लपवून तरी काय मिळवायचं?

जळगावच्या एका दूध संघात मी दूध तपासनीस होतो. गावोगावचे कॅन सकाळी यायचे आणि प्रत्येकाचं दूध माझ्या हाताखालून जायचं. लॅक्टोमीटर बुडवायचा, फॅट काढायची, शंका आली तर साखरेची चाचणी करायची. दुधात पाणी घालणारे लोक हुशार असत. पाण्याने दूध पातळ झालं की लॅक्टोमीटरचा आकडा घसरतो, म्हणून ते वर मूठभर साखर टाकून आकडा जागेवर आणत. त्यासाठी आमच्याकडे ॲसिड आणि रिसॉर्सिनॉल नावाची पावडर असे. नमुन्यात ती घालून नळी उकळत्या पाण्यात धरायची. लाल रंग आला की साखर आहे. मी नळी वर धरून नुसतं "हूं" म्हटलं तरी समोरचा दूधवाला हात जोडायचा. पुढची सगळी भानगड या "हूं"च्या माजातून झाली.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, धुळ्याला राहायची. मुलगा बँकेत, सून शाळेत शिक्षिका. अक्काला मधुमेह होता आणि त्यात दूध पचायचं नाही. कपभर दुधाचा चहा घेतला की पोटात ढोल वाजायचे. डॉक्टरांनी कोरा चहा प्यायला सांगितलं. अक्काने एकदा पिऊन पाहिला आणि म्हणाली, "हाऊ चहा शे का काढा?"

तिचा पुतण्या आखातात नोकरीला होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. सुट्टीवर येताना त्याने चहात घालायच्या पांढऱ्या पावडरीच्या दोन मोठ्या बरण्या आणल्या. "यात दूध नाही," त्याने सांगितलं. "तिकडे सगळे हेच घालतात."

घरात दुधाचा जाणकार मी. बरणीतली चमचाभर पावडर कागदाच्या पुडीत बांधून मी जळगावला आणली. तिथे कोमट पाण्यात कालवली. पांढरंशुभ्र, दुधासारखं दिसणारं पाणी तयार झालं. माझ्या सवयीने साखरेची चाचणी लावली. नळी उकळत्या पाण्यात धरली, थांबलो, वर काढली. लाल रंगाचा मागमूस नाही. मी समाधानाने "हूं" म्हटलं. समोर हात जोडायला कुणी नव्हतं, एवढंच.

पुढच्या रविवारी धुळ्याला जाऊन मी निकाल दिला. "अक्का, यात साखर नाही. मी स्वतः तपासली आहे. बिनधास्त घे."

अक्काने चमचाभर पावडर तशीच जिभेवर टाकली. डोळे मिटले. "भाऊ, हाई गोड लागस रे!"

"तो दुधाचा नैसर्गिक गोडवा आहे."

"मंग ह्यामा दूध नही ना?"

हा प्रश्न माझी शाळाही न शिकलेली बहीण विचारत होती आणि मी, प्रयोगशाळेतला माणूस, बरणीचं झाकण लावू लागलो. मग म्हणालो, "अक्का, तुला शास्त्र समजायचं नाही."

"बरं बाबा," ती म्हणाली. "तुले बठ्ठं समजस." मला सगळं समजतं, हे मलाही मान्य होतं.

तिचं पोट खरंच शांत झालं. ढोल बंद. त्यामुळे माझ्यावरचा विश्वास आणखी वाढला. अक्का दिवसाला आठ कप चहा घेऊ लागली आणि प्रत्येक कपात दोन-तीन शिगोशीग चमचे. मधूनच नुसती पावडर तोंडात टाकायची. एकदा तर तिने ती घट्ट कालवली, वर वेलची घातली आणि "ही मन्ही बासुंदी" म्हणत वाटीभर खाल्ली. सुनेने विचारलं तर उत्तर तयार होतं, "भाऊनी तपासेल शे."

दोन महिन्यांनी मी सोबत असताना तपासणी झाली, साखर भलतीच वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"अक्का, खरं सांगा. पेढे कुठे लपवता?"

"मी कायबी खादं नही, डॉक्टर. देवनी आन."

"देवाला मध्ये आणू नका. देवापुढचा प्रसादच खात असाल."

बाहेर येऊन सुनेने मला विचारलं, "मामा, त्या पावडरीत काही नसेल ना?"

"मी तपासली आहे, सूनबाई."

एवढ्याने पावडर सुटली आणि अक्का अडकली. सून वाईट नव्हती. पण शिक्षिका होती आणि कॉपी पकडायची सवय होती. गुळाचा डबा कुलपात गेला. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत आली. शेजारणींना सांगण्यात आलं की सत्यनारायणाचा शिरा अक्काला द्यायचा नाही. अक्का मारुतीच्या देवळात निघाली तर नातू मागून सायकलने जायचा. अक्का कावली. "मी काय चोर शे का?" ती ओरडायची. आणि डोकं शांत करायला स्वयंपाकघरात जाऊन चहा करायची. तीन चमचे पावडर घालून.

त्या वर्षी आखाजीला ती जळगावला, मेहरूणला आमच्या घरी आली. लेकीबाळी माहेरी येतात ती आमची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांचा बेत होता. पुरण भरलेली सैल कणीक हातावर झुलवत झुलवत हातभर मोठी करायची आणि उलट्या खापरावर टाकायची, यात अक्काचा हात धरणारी भावकीत कुणी नव्हती. तिने पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि पुरणाच्या परातीकडे सरकली.

माझी बायको म्हणाली, "वन्सं, तुम्ही इकडे बसा ना. वांगी भाजा भरताची."

"मांडे कोन करी?"

"करेल कुणीतरी. पुरणापाशी नको. डॉक्टरांनी सांगितलंय ना."

दोघी-तिघी बायका हसल्या. एकजण म्हणाली, "अक्का बोटं चाटतील, मग मांड्यात काय भरायचं?"

अक्का हसली नाही. तिने पदर सोडला आणि अंगणात जाऊन वांगी भाजायला बसली. त्या दिवशीचे मांडे फाटले, जाडे झाले, एक तर चुलीत पडला. सगळ्यांनी हसत हसत खाल्ले. मीही चार खाल्ले.

मला खरं कळलं ते त्यानंतर तीन आठवड्यांनी. धुळ्याला गेलो होतो. एक बरणी रिकामी झाली होती आणि सुनेने ती धुऊन तूरडाळ भरून फळीवर ठेवली होती. चहाची वाट बघत मी सहज बरणीवरचं इंग्रजी वाचू लागलो. घटकांच्या यादीत पहिलाच शब्द होता, ग्लुकोज सिरप. मुंगीलाही वाचता यावा एवढ्या ठळक अक्षरात. पहिलं नाव ज्याचं, तो पदार्थ सगळ्यात जास्त, हा नियम मला माहीत होता. त्यानंतर घट्ट केलेलं वनस्पती तेल. त्याच्या खाली सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलं प्रथिन, मग चहात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले क्षार.

माझी चाचणी उसाच्या साखरेची होती. आमचे दूधवाले दुधात उसाची साखर टाकायचे, म्हणून तीच शोधायची मला सवय. ग्लुकोज असलं तरी त्या चाचणीत लाल रंग येत नाही. चाचणी बरोबर होती, प्रश्न चुकीचा होता. आणि बरणी वाचायला कोणतंही ॲसिड लागत नव्हतं.

जळगावला येऊन मी आमच्या संघाच्या केमिस्ट बाईंना विचारलं. "एका ओळखीच्या माणसाची शंका आहे," असं म्हणून. त्या हसल्या. म्हणाल्या, "डेअरी व्हाइटनर वेगळं. ते दूध वाळवून केलेलं असतं, वर साखर घातलेली. आणि हे क्रीमर म्हणजे ग्लुकोज आणि तेल. दुधाचं म्हणावं तर फक्त केसिनेट, तेही चिमूटभर. दुधातली साखर नसते, म्हणून दूध न पचणाऱ्याला पोटाला बरं वाटतं. पण दूध अंगावर उठणाऱ्या माणसाने बिनदुधाचं समजून घेऊ नये. आणि दुधातलं कॅल्शियम, प्रथिनं यातून मिळतील म्हणून पोराबाळांना देणं म्हणजे पिठाचं पाणी पाजणं."

"रोज घेतलं तर?"

"एक-दोन कपात चमचाभर टाकून कुणाचं फारसं बिघडत नाही. पण मधुमेहाच्या माणसाने ते साखरेच्या हिशेबात धरायला हवं. आणि असलं घट्ट केलेलं तेल रोज भरपूर पोटात जाणं काही चांगलं नाही. तुमचा माणूस किती घेतो?"

"वाटीभर," मी म्हणालो. बाईंचं हसू थांबलं.

तेव्हा मी सरळ धुळ्याची बस धरून सगळं सांगायला हवं होतं. बस धरली. वाटेतल्या पारोळ्यापर्यंत वाक्यं जुळवली. घरात शिरलो तर सून, मुलगा, शेजारच्या दोघी बसलेल्या. आणि मी म्हणालो, "ही पावडर जुनी झाली आहे, वास येतोय. टाकून द्या. चहात साय काढलेलं दूध टाका, अगदी चमचाभर. पोटाला तेवढं चालेल." दुसरी बरणी मी स्वतः पिशवीत घालून घेऊन गेलो. चोर मीच होतो, आणि चोरीचा माल घेऊन सगळ्यांसमोरून बाहेर पडलो.

अक्काची साखर उतरली. डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले, "बघा, नजर ठेवली की कसा फरक पडतो!" सगळं श्रेय सुनेच्या कुलपाला गेलं. अक्का जन्मभर चोरून गोड खाणारी ठरली. लग्नात तिच्या पानात जिलेबी वाढताना वाढपी कुणाकडे तरी बघून घ्यायचा. आखाजीला ती पुन्हा कधी मांड्यांना बसली नाही. आम्ही बोलावलं तरी म्हणायची, "नको, मन्हा हात थरथरस." हात थरथरत नव्हता, मला माहीत आहे.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. मी महिन्याला जायचो. प्रत्येक वेळी ओठांवर यायचं आणि प्रत्येक वेळी कुणीतरी घरात असायचं. कुणी नसेल तेव्हा अक्काच सुरू व्हायची आणि पीकपाणी, नातवाची नोकरी, गुडघे, सगळं सांगत राहायची. शेवटच्या भेटीत ती खाटेवर पडून होती आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली, "सांग भाऊ, काय म्हनस?"

मी म्हणालो, "काही नाही अक्का. पंखा वाढवू का?"

म्हणायचं होतं ते हे. अक्का, तू काही खाल्लं नव्हतंस. गोड लागतं, असं तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस आणि तुझी जीभ माझ्या नळीपेक्षा खरी होती. बरणीवरचं मी वाचलं नाही, आणि वाचलं तेव्हा बोललो नाही. तुझ्या माहेरी, माझ्याच घरात तुला परातीवरून उठवलं आणि मी मांडे खात बसलो. माझं चुकलं, अक्का. मला माफ कर.