शुभविवाहाचे तांबे

आईच्या तेरवीला पाहुण्यांना वाटायचे तांबे घ्यायला मी नांदेडच्या एका मोठ्या भांड्यांच्या दुकानात गेलो. लग्नसराईत घाई नको म्हणून त्या दूरदर्शी मालकानं सगळ्या तांब्यांवर आधीच ‘शुभविवाह’ टाकून ठेवलं होतं. साधे मागितले, तर म्हणाला, “सर, कारखान्यातून बनवून मागवावे लागतील, आठ दिवस धरा. तेरवी पुढं ढकलता का?”

आईनं जाण्याआधी ऑर्डर द्यायला हवी होती, असा त्याचा चेहरा होता.

“न्हाईतर हेच घ्या. वाचतंय कोण?”

शेजारच्या दुकानात मात्र सगळे तांबे साधेच होते. मालक गिऱ्हाईक आल्यावरच मशीननं नाव टाकायचा. त्यानं विचारलं, “लग्न हाय का तेरवी?”

“तेरवी.”

“बसा मग. नाव सांगा.”

मी आईचं नाव सांगितलं.